उशीर कळवणारा मेल आणि त्यातली नवी तारीख

‘काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे आपल्या ऑर्डरला थोडा विलंब होत आहे. आम्ही आटोकाट प्रयत्न करत असून लवकरात लवकर माल पोहोचता करू. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

धंद्यात असलेल्या बहुतेकांना असा मेल आलेला असतो आणि बहुतेकांनी तो पाठवलेलाही असतो. तीन वाक्यं आहेत आणि माहिती शून्य. उशीर चार दिवसांचा की चार आठवड्यांचा, नेमकं काय बिघडलं, आता काम कुठे आलंय, यातलं काहीच कळत नाही. ग्राहक मेल वाचतो आणि लगेच फोन लावतो. मग पुरवठादार फोनवर त्या क्षणी सुचेल ती तारीख सांगून मोकळा होतो. पुढचा सगळा घोळ त्या तारखेपासून सुरू होतो.

चांगल्या मेलमध्ये दिलगिरी एका ओळीत आटोपते. खरा मजकूर म्हणजे नवं वेळापत्रक, आणि ते कारखान्यात उभं राहून आधी मांडावं लागतं. ते कसं मांडतात हे एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातलं काहीही टूलरूमवाल्यांना परकं वाटणार नाही.

भोसरी एमआयडीसीत वीस-बावीस माणसांची एक टूलरूम आहे असं समजा. प्लास्टिकचे भाग ज्यात ओतून तयार होतात ते मोल्ड इथे बनतात. चाकणच्या एका कंपनीने गाडीतल्या एका छोट्या हाउसिंगसाठी मोल्ड सांगितलाय. दोन कॅव्हिटींचा, म्हणजे एका फटक्यात दोन नग. किंमत १२ लाख. ऑर्डर २ जून २०२५ची आणि पहिली ट्रायल, जिला धंद्यात टी-वन म्हणतात, १८ ऑगस्टला. ४० टक्के आगाऊ मिळालेत, ५० टक्के टी-वनचे नमुने दिल्यावर आणि उरलेले १० टक्के नमुने पास झाल्यावर. उशीर झाला तर दर आठवड्याला अर्धा टक्का कापणार, जास्तीत जास्त ५ टक्के.

हाउसिंग ज्या नायलॉनचं आहे त्यात ३० टक्के काचेचे तंतू मिसळलेले असतात. हा माल मोल्डच्या आतल्या पोलादाला सतत घासतो, म्हणून कोअर आणि कॅव्हिटीचे ठोकळे, म्हणजे इन्सर्ट, एच-१३ पोलादाचे करून कडक करावे लागतात. आधी ठोकळा मऊ असताना त्यातला बराचसा माल काढायचा, याला रफिंग म्हणतात. मग तो साधारण ६५० अंशांच्या भट्टीत तापवून हळूहळू थंड करायचा. कापताना पोलादात बसलेला ताण या स्ट्रेस रिलीव्हिंगमध्ये निघून जातो. मग त्यावर हलका हात फिरवून तो सरळ करायचा आणि व्हॅक्यूम भट्टीत हजार अंशांच्या वर नेऊन कडक करायचा. कडक होताना ठोकळा थोडाफार वाकतोच. ते गृहीत धरून प्रत्येक बाजूला अर्धा मिलिमीटर माल आधीच जास्त ठेवलेला असतो. तो शेवटच्या मशिनिंगमध्ये निघून जातो आणि माप बरोबर येतं.

आपल्या टूलरूममध्ये चारांपैकी तीन इन्सर्ट याच वाटेने गेले. चौथा मशिनवरून उशिरा उतरला. भट्टीवाल्याकडची एक फेरी वाचवावी, दोन-तीन दिवस भरून निघतील, असं कुणीतरी ठरवलं आणि तो ताण न काढता सरळ हार्डनिंगला गेला. मंगळवारी, २९ जुलैला, चारही इन्सर्ट परत आले. बुधवारी फिटरने चौथा सरफेस प्लेटवर ठेवून डायल फिरवला, तर काटा ०.८ मिलिमीटर सरकला. ठेवलेला माल अर्धा मिलिमीटर आणि बाक त्याहून जास्त. म्हणजे कितीही घासलं तरी एका टोकाला माप भरणार नाही. कडक झालेलं पोलाद दाबून सरळही करता येत नाही, तसं करायला गेलं तर तडकतं. हा इन्सर्ट गेला, तो नव्याने करायचा.

आता मालकाच्या मनात पहिला हिशेब येतो तो असा: एकच ठोकळा आहे, धरा दोन आठवडे. १८ ऑगस्ट अधिक चौदा दिवस म्हणजे १ सप्टेंबर. तारीख गोल आहे, महिन्याची सुरुवात आहे, ग्राहकालाही पटण्यासारखी वाटते. या हिशेबात कामं मोजलेली नाहीत, फक्त समोरचा किती ओरडेल याचा अंदाज आहे. २०२५च्या कॅलेंडरमध्ये १ सप्टेंबरला गौरीपूजन होतं, हेही त्या क्षणी मालकाच्या ध्यानात नसतं.

माणूस स्वतःच्या कामाचा वेळ कमी धरतो, हे मानसशास्त्रज्ञांनी मोजून पाहिलंय. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये या खोडीकडे लक्ष वेधलं. १९९४मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत संपेल. सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस आणि प्रत्यक्षात लागले ५५च्या वर. यात आळसाचा भाग कमी होता. काम सगळं सुरळीत पार पडलं तर कसं होईल, तेवढंच चित्र प्रत्येकाने डोळ्यांसमोर आणलं होतं. एकदा उशीर झाल्यावर तरी माणूस शहाणा होईल असं वाटतं, पण लाज आणि घाई यांमुळे दुसरा अंदाज पहिल्यापेक्षाही आशावादी निघतो.

म्हणून बुधवारी संध्याकाळी ग्राहकाला फोन करायचा, पण तारीख सांगायची नाही. सांगायचं ते एवढंच: ‘साहेब, एक इन्सर्ट हार्डनिंगमध्ये वाकलाय, नवा करावा लागेल. टी-वन १८ला होणार नाही. नवी तारीख शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लेखी पाठवतो.’ साहेब चिडतील, ‘अंदाजे तरी सांगा’ म्हणतील. तिथे जीभ आवरायची. फोनवर निघालेली अंदाजी तारीख दहा मिनिटांत त्यांच्या एक्सेलमध्ये जाते आणि तिथून त्यांच्या ग्राहकाकडे, म्हणजे गाडीच्या कंपनीकडे.

गुरुवारी भोसरीत सुट्टी. शुक्रवारी सकाळी मालक, डिझायनर आणि मशिनशॉपचा फोरमन असे तिघे कागद घेऊन बसतात. पोलादवाल्याला फोन जातो: एच-१३चा ठोकळा शनिवारी, २ ऑगस्टला मिळेल. रविवार ते बुधवार रफिंग आणि पाण्याची भोकं. गुरुवार सुट्टी. भट्टीवाल्याला फोन जातो: स्ट्रेस रिलीव्हिंगला शुक्रवारी टाकला तर सोमवारी, ११ला हातात. मंगळवार-बुधवार हलकं मशिनिंग. गुरुवार सुट्टी, शुक्रवार स्वातंत्र्यदिन. शनिवारी, १६ला, हार्डनिंगला. टेम्परिंग किमान दोनदा करायचं असतं आणि व्हॅक्यूम भट्टी एका ठोकळ्यासाठी कुणी पेटवत नाही, बॅच भरावी लागते. त्यामुळे तो २०ला संध्याकाळी परत येणार. २१ला पुन्हा गुरुवार. म्हणजे डायल लागणार २२ला.

इथून पुढे खरी मेख आहे. २२ ते २६ कडक पोलादाचं मशिनिंग. २७ला गणेशचतुर्थी, २८ला गुरुवार. कोकणातली पोरं २५लाच गाडीत बसलेली असणार आणि ती गौरीविसर्जनाआधी, म्हणजे २ सप्टेंबरच्या आधी, परतणार नाहीत. या दिवसांत काय चालू शकतं? स्पार्क मशिन. इलेक्ट्रोड बांधून दिला की एक माणूस ते सांभाळतो. म्हणून फोरमन मशिनिंगमागोमाग स्पार्कचं काम लावतो, २९ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर. पॉलिशिंग आणि स्पॉटिंगला मात्र अनुभवी हात लागतात. स्पॉटिंग म्हणजे निळा रंग लावून दोन बाजू एकमेकींवर सगळीकडे नीट टेकतात का ते पाहणं, हे नव्या पोराचं काम नव्हे. ते ५ सप्टेंबरला सुरू होईल. ६ला अनंतचतुर्दशी, पुढे ७, ८, ९. दहा तारखेला जोडणी, ११ गुरुवार, १२ला ट्रायल.

कागदावर आलेली ही १२ सप्टेंबर काहीही चुकलं नाही तरची आहे. एखादा इलेक्ट्रोड पुन्हा करावा लागतो, पॉलिशमध्ये चरा दिसतो, ट्रायलचं मशिन त्या दिवशी रिकामं नसतं. यासाठी चार कामाचे दिवस धरले तर १६ सप्टेंबर, मंगळवार. मेलमध्ये जायची तारीख ही. १ सप्टेंबरपेक्षा पंधरा दिवस उशिराची, सांगायला जड जाणारी.

एवढी मोठी उडी एकदम मारावी का, असं विचारणारे भेटतात. त्यांचं म्हणणं असं की आधी आठवडाभर वाढवून घ्यावा, मग पाहू. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य सॉफ्टवेअर कामाचं नेतृत्व केलं आणि त्यातल्या उशिरांवर १९७५मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं. उशिरा चाललेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसं लावली की ते आणखी लांबतं, हा त्यांचा नियम प्रसिद्ध आहे. पण आपल्या कामाचा सल्ला त्याच पुस्तकात, एका हार्डवेअर इंजिनिअरच्या हवाल्याने, येतो: तारीख सरकवायचीच तर तुटपुंजी सरकवू नका, पुन्हा सरकवावी लागणार नाही एवढी सरकवा. मला तो शंभर टक्के पटतो. पहिल्या उशिरात ग्राहकाचं वेळापत्रक बिघडतं. दुसऱ्या उशिरानंतर तो तुमच्या कुठल्याच तारखेवर विश्वास ठेवत नाही, आणि मग रोज सकाळी ‘काय झालं?’ असा फोन सुरू होतो.

पण ग्राहकाने १६ सप्टेंबरपर्यंत डोळे मिटून थांबावं, असंही म्हणता येत नाही. मधल्या सहा आठवड्यांत काम खरंच पुढे सरकतंय हे त्याला दिसलं पाहिजे. त्यासाठी मधले टप्पे, ज्यांना सगळे माइलस्टोन म्हणतात. यात सर्वांत जास्त फसवाफसवी होते, आणि ती बऱ्याचदा नकळत होते. ‘मशिनिंग ७० टक्के पूर्ण’ हा टप्पाच नव्हे. सत्तर टक्के कशाचे? वेळेचे, की काढलेल्या मालाचे? सॉफ्टवेअरवाल्यांकडे तर काम ९० टक्क्यांवर पोहोचून महिनोन्‌महिने तिथेच बसतं. टप्पा असा हवा की तो झाला किंवा नाही झाला, एवढीच दोन उत्तरं शक्य असावीत, आणि ते उत्तर ग्राहकाला स्वतःला तपासता यावं. ‘हार्डनिंग झालं’ यापेक्षा ‘हार्डनेस आणि बाक यांचा रिपोर्ट तुमच्या हातात’ हा चांगला टप्पा. त्यात ४८ ते ५२ एचआरसी असा आकडा असतो, डायलचं माप असतं, आणि ते आकडे पुढे कधीही अंगावर येऊ शकतात. म्हणून कुणी सहसा खोटं लिहीत नाही.

टप्पे किती ठेवायचे? जिथे गाडी पुन्हा घसरू शकते तिथे एक हवाच. आपल्या कामात ती जागा २२ ऑगस्टची आहे. नवा इन्सर्टही वाकला तर ते त्याच दिवशी कळेल, आणि त्यानंतर मात्र मोठा धोका उरत नाही. हे मेलमध्ये लपवायचं नाही, उलट स्पष्ट लिहायचं. त्याआधी एक टप्पा हवा, नाहीतर पहिले तीन आठवडे कोरे जातात. आणि एक टप्पा असा हवा की ज्यात ग्राहकाला काहीतरी हातात मिळेल.

हा शेवटचा मुद्दा बहुतेक मेलमध्ये सुटतो. टूलरूमला १८ ऑगस्टला जे जमत नाही ते म्हणजे दोन कॅव्हिटींची ट्रायल. पण एका कॅव्हिटीचे दोन्ही इन्सर्ट चांगले आहेत. दुसऱ्या खणात साध्या पोलादाचा ठोकळा बसवला आणि तिकडे जाणारा रनर बंद केला, तर एका कॅव्हिटीवर नग काढता येतात. एवढा लहान भाग असेल तर ट्रायलपुरतं हे चालतं. चाकणच्या इंजिनिअरला ऑगस्टमध्ये खरं तर पन्नासेक नग हवे असतात, शेजारच्या भागांत ते बसतात का हे बघायला. उत्पादन तेव्हा सुरू होणार नसतंच. ते पन्नास नग २० ऑगस्टला दिले तर त्याचं पुढचं काम थांबत नाही आणि महिन्याच्या उशिरातली निम्मी झळ निघून जाते. अर्थात हे सुचायला ग्राहकाला तारखेला नेमकं काय हवं असतं ते माहीत असावं लागतं. ते बुधवारच्या फोनवर विचारून घ्यायचं.

आता मेल. असे मेल आपल्याकडे इंग्रजीत जातात, इथे मराठीत देतोय. पाठवायचा परचेसच्या साहेबांना, आणि सीसीमध्ये डेव्हलपमेंटचा इंजिनिअर.

विषय: हाउसिंग मोल्ड, टी-वन १८ ऑगस्टऐवजी १६ सप्टेंबरला, ५० नग मात्र २० ऑगस्टला

नमस्कार साहेब,

बुधवारी फोनवर बोलल्याप्रमाणे लिहीत आहोत. दोन कॅव्हिटींची टी-वन ट्रायल १८ ऑगस्टऐवजी १६ सप्टेंबरला होईल. फिटमेंटसाठी लागणारे ५० नग एका कॅव्हिटीवर काढून २० ऑगस्टला देऊ. या उशिराबद्दल दिलगीर आहोत.

कारण: चारपैकी एक इन्सर्ट हार्डनिंगमध्ये ०.८ मिमी वाकला. माल ०.५ मिमी शिल्लक होता, त्यामुळे तो मापात येणार नाही. हार्डनिंगआधी त्याचं स्ट्रेस रिलीव्हिंग झालं नव्हतं, ही आमच्याकडची चूक आहे. उरलेले तीन इन्सर्ट तपासले, ते ठीक आहेत; रिपोर्ट सोबत जोडला आहे. वेल्डिंग करून तोच इन्सर्ट वाचवण्याचा विचार केला, पण काचमिश्रित नायलॉनमध्ये वेल्ड लवकर झिजेल आणि नगावर खूण दिसेल, म्हणून नवा करत आहोत. त्याचा खर्च आमचा.

आजपर्यंत केलेलं: नव्या पोलादाची ऑर्डर दिली, उद्या येईल. दोन्ही भट्ट्यांच्या तारखा ठरवून घेतल्या.

नवं वेळापत्रक:
१३ ऑगस्ट: नव्या इन्सर्टचं रफिंग, स्ट्रेस रिलीव्हिंग आणि सेमी-फिनिश पूर्ण, फोटो आणि मापं पाठवू.
२० ऑगस्ट: एका कॅव्हिटीची ट्रायल, ५० नग आपल्याकडे.
२२ ऑगस्ट: हार्डनिंगनंतर हार्डनेस आणि बाक यांचा रिपोर्ट. बाक ०.३ मिमीच्या आत असेल तर १६ सप्टेंबर पक्की. जास्त आला तर त्याच दिवशी फोन करून नवी तारीख देऊ.
१६ सप्टेंबर: दोन्ही कॅव्हिटींची टी-वन, नमुने आणि मापांचा रिपोर्ट.

या तारखांत गणपतीच्या सुट्ट्या आणि साप्ताहिक सुट्टी धरलेली आहे. शेवटच्या टप्प्यात चार दिवस राखीव आहेत.

आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात: २० तारखेच्या ट्रायलसाठी २५ किलो मटेरियल १८ तारखेपर्यंत, आणि या वेळापत्रकाला मेलवर होकार मंगळवारपर्यंत.

आपला,

खाली नाव आणि मोबाइल नंबर. मेल एवढाच.

विषयाच्या ओळीतच दोन्ही तारखा आहेत, याला कारण आहे. ज्याला हा मेल जातो तो तो वाचून थांबत नाही, वर पाठवतो. परचेसचे साहेब त्यांच्या प्लँट हेडला पाठवणार, ते आणखी कुणाला. त्या वरच्या माणसाने फक्त विषय आणि पहिला परिच्छेद वाचला तरी त्याला सगळं कळायला हवं. आपण ज्याला लिहितो त्याला वर बोलणी बसू नयेत, एवढं सामान हातात देणारा मेल तो आवडीने पुढे पाठवतो.

‘आमच्याकडची चूक’ हे शब्द पुष्कळांना टोचतील. वकीलही भुवया उंचावतील. पण इथे कारण लपत नाही. चाकणचा इंजिनिअर स्वतः टूलरूममधून वर आलेला असू शकतो, आणि ०.८ हा आकडा ऐकून तो पहिला प्रश्न स्ट्रेस रिलीव्हिंगचाच विचारेल. उत्तर आधीच दिलेलं बरं. मात्र एक मोह टाळायचा. ग्राहकाने डिझाइनला मंजुरी ११ जूनऐवजी १६ला दिली होती, पाच दिवस त्यांनी घालवले होते, आणि इन्सर्टची घाई त्यातूनच झाली, असं मालकाला मनापासून वाटत असतं. ते खरं असलं तरी वाकलेल्या इन्सर्टचं कारण म्हणून लिहिता येत नाही. भट्टीची फेरी वाचवा असं ग्राहकाने सांगितलं नव्हतं. दंडाच्या हिशेबात ते पाच दिवस धरून हवे असतील तर ते वेगळ्या मेलमध्ये, मंजुरीच्या मेलच्या तारखेसह, एका ओळीत मागायचे. त्याहून बरं म्हणजे १६ जूनलाच ते कळवायला हवं होतं.

लेखी होकार का मागायचा, याचं उत्तर कायद्यात आहे. भारतीय करार कायदा १८७२चा. त्याच्या कलम ६३नुसार ज्याला माल मिळायचा तो मुदत वाढवून देऊ शकतो. कलम ५५ सांगतं की ठरलेल्या वेळेनंतर दिलेला माल त्याने स्वीकारला, तर उशिराची भरपाई त्याला मागता येत नाही. मागायची असेल तर स्वीकारतानाच तशी सूचना द्यावी लागते. म्हणून हुशार परचेसवाले उत्तरात लिहितात, ‘नवी तारीख मान्य, दंडाचा हक्क राखून.’ त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आणि मेलवरचा होकार चालतो का? चालतो, मेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने फेटाळता येत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ सांगतं. कलम ७४प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते, कोर्ट त्याच्या आत वाजवी भरपाई ठरवतं.

इथे दंड किती? चार आठवड्यांचे २ टक्के, म्हणजे १२ लाखांवर २४ हजार. पंधराऐवजी सोळा तारीख, त्या जास्तीच्या एका दिवसावरून घासाघीस होईल ती वेगळी. टूलरूमला खरी कळ लागते ती टी-वनला मिळायच्या ६ लाखांची, ते महिनाभर पुढे जातात. पन्नास नगांवर थोडे पैसे सोडा, अशी विनंती करता येते, पण ती या मेलमध्ये घुसवू नये. उशिराची कबुली आणि पैशाची मागणी एका कागदावर आली की दोन्ही बिघडतात.

ग्राहकाच्या बाजूने पाहणाऱ्यालाही वेळापत्रक खरं की थापेचं हे वाचताक्षणी कळू शकतं. सगळ्या तारखा बरोबर सात-सात दिवसांनी येत असतील, शेवटची महिनाअखेरची असेल, मधली एखादी तारीख पोळ्याला किंवा लक्ष्मीपूजनाला पडत असेल, तर ते कुणी कामावरून काढलेलं नाही. भट्टी, पॉलिश, प्लेटिंग यांसारखं बाहेरून करून घ्यायचं काम कुठेच दिसत नसेल, तरीही शंका घ्यावी, कारण लहान कारखान्यांचा उशीर बहुधा याच फेऱ्यांत होतो. आणि ‘आता काय चुकू शकतं?’ या प्रश्नाला ‘काही नाही, बिनधास्त राहा’ असं उत्तर आलं तर बिनधास्त राहू नये.

मेल गेल्यावर त्यातल्या तारखा पाळायच्या असतात, आणि त्यात टप्पा झाल्याचं कळवणंही आलं. १३ ऑगस्टला संध्याकाळी फोटो गेलेच पाहिजेत, कुणी विचारो न विचारो. २२ला रिपोर्ट चांगला आला तरी तो पाठवायचा. चांगली बातमी कळवायला माणसं विसरतात आणि ग्राहक गप्प राहिलेल्या पुरवठादाराबद्दल वाईटच गृहीत धरतो.

शेवटी ग्राहकांनाही एक विनंती. असा हिशेब मांडलेला मेल आला की त्यातले आठ दिवस कापून ‘१६ नको, ८ करा’ असं उत्तर देण्याचा आपल्याकडे रिवाज आहे. दाखवलेल्या दिवसांत कुठे हवा भरलीय असं वाटलं तर एकेका कामाबद्दल विचारा, स्पार्कला सहा दिवस का, पॉलिशला चार का. पण नुसती तारीख ओढू नका. पुरवठादार लहान असतो, तो हो म्हणेल. आणि ते आठ दिवस काढण्यासाठी तो सगळ्यांत आधी तीच भट्टीची फेरी गाळेल.